वय विचारा, पण माप वजनाने द्या: औषध दुकानांतल्या फार्मासिस्टांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या औषध दुकानांच्या काउंटरवर उभे असणारे फार्मासिस्ट बंधू-भगिनी

विषय: लहान मुलांच्या तापाच्या औषधाचा डोस

सप्रेम नमस्कार,

मी एका तालुक्याच्या गावात लहान मुलांचा दवाखाना चालवतो. हे पत्र डॉक्टर मंडळींना न लिहिता तुम्हाला लिहितोय, कारण आपल्याकडे ताप आलेल्या मुलाला पहिला डोस बहुतेक वेळा तुमच्या दुकानातून मिळतो. रात्रीचे नऊ वाजलेले असतात, दवाखाना बंद असतो, तुमचं शटर अर्धं खाली आलेलं असतं आणि एक बाप धापा टाकत येतो. "दादा, पोराला ताप आहे, औषध द्या." तुम्ही विचारता, "किती वर्षांचा?" तो सांगतो, "तीन." तुम्ही पॅरासिटामॉलची बाटली काढता, बॉक्सवर पेनाने "१ चमचा, ३ वेळा" लिहिता आणि देता. सगळं मिळून अर्धं मिनिट.

माझं सगळं म्हणणं त्या मधल्या एका प्रश्नाबद्दल आहे. वय विचारलंत ते बरोबरच. पण त्याच्यापाठोपाठ "वजन किती?" हेही विचारा आणि चमच्याचं माप त्या दुसऱ्या उत्तरावरून ठरवा. औषध द्यायचं की नाही हे वयावरून कळतं, किती द्यायचं हे वजनावरून. या दोन कामांची सरमिसळ झाली की घोळ होतो.

एकाच वयाची दोन मुलं घेऊ. दोघंही बरोबर तीन वर्षांचे मुलगे. एक पाड्यावरचा, वजन १० किलो. दुसरा बाजारपेठेतल्या घरचा, वजन १८ किलो. ही उदाहरणं मुद्दाम ओढूनताणून घेतलेली नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यात तीन वर्षांच्या मुलग्याचं मधलं वजन १४.३ किलो आहे. १० किलोवर तीव्र कमी वजनाची रेषा येते आणि १८.३ किलोपर्यंतचा मुलगा त्याच तक्त्यात सर्वसाधारण धरला जातो. म्हणजे "तीन वर्षांचा" या दोन शब्दांत १० किलोही बसतात आणि १८ किलोही. आणि १० किलोवाला आपल्याकडे दुर्मीळ नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३६ टक्के मुलं वयाच्या मानाने कमी वजनाची निघाली. दर तीन मुलांमागे एकाहून जास्त. अंगणवाडीत काम केलेल्या कुणालाही याचं आश्चर्य वाटणार नाही.

पॅरासिटामॉलचा डोस आपण किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम धरतो. दोन डोसांत चार ते सहा तासांचं अंतर, चोवीस तासांत जास्तीत जास्त चार डोस आणि दिवसभराची बेरीज किलोमागे ६० मिलिग्रॅमच्या आत. आता तुमचा तो "१ चमचा" या दोघांना देऊन बघू. बाटली नेहमीची, ५ एमएलमध्ये १२५ मिलिग्रॅमवाली. १० किलोच्या मुलाला किलोमागे साडेबारा मिलिग्रॅम मिळाले, म्हणजे डोस अगदी चोख. १८ किलोच्या मुलाला जेमतेम ७ मिलिग्रॅम मिळाले. त्याचा ताप उतरणार नाही.

तुम्ही म्हणाल, कमी पडलं तर काय बिघडलं? बिघडतं ते पुढे. ताप उतरला नाही की आई दोन तासांत पुन्हा चमचा पाजते. मग शेजारीण सांगते म्हणून दुसरी बाटली येते. ती मेफेनॅमिक अ‍ॅसिड आणि पॅरासिटामॉलच्या मिश्रणाची असते, पण बॉक्सवरचं बारीक अक्षर कुणी वाचत नाही. सकाळी हाच बाप "ते औषध लागू पडत नाही, इंजेक्शन द्या" म्हणत माझ्याकडे येतो. औषध लागू पडायला हवं तेवढं त्याच्या पोटात गेलेलंच नसतं.

आता उलट बाजू. वयाचे तक्ते सगळ्या जगात वापरतात, ब्रिटनमध्येही. तिथे पूर्वी १ ते ६ वर्षं असा एकच रुंद गट होता आणि त्यात ५ ते १० एमएल असं मोघम माप होतं. २०११ मध्ये त्यांनी ते गट बारीक केले. नव्या तक्त्यात २ ते ४ वर्षांच्या मुलाला एका वेळी १८० मिलिग्रॅम आहेत. तिथल्या बहुतेक मुलांच्या वजनाला ते बसतं. आपल्या पाड्यावरच्या १० किलोच्या मुलाला मात्र तेच माप किलोमागे १८ मिलिग्रॅम होतं आणि चार वेळा दिलं की दिवसाला ७२. दोन वर्षांची ९ किलोची मुलगी असेल तर एका डोसात २० आणि दिवसाला ८०. वयाच्या तक्त्यात एक वजन गृहीत धरलेलं असतं, फक्त ते छापलेलं नसतं. ज्या मुलांची वजनं बघून तक्ता केला ती वेगळी आणि आपल्यासमोर उभं असलेलं मूल वेगळं, तर चूक कुठे झाली हेसुद्धा कळत नाही. परदेशातला नातेवाईक एखादी बाटली घेऊन येतो आणि तिच्यावर छापलेला वयाचा तक्ता पाहून घरचे डोस देतात, तेव्हा हेच होतं.

एक दिवस ७२ किंवा ८० मिलिग्रॅम गेले म्हणून काही आकाश कोसळत नाही. पॅरासिटामॉलला एका डोसापुरती बरीच मोकळीक आहे. एकदम किलोमागे १५० मिलिग्रॅमच्या आसपास किंवा पुढे गेलं तर मात्र वाट न बघता दवाखाना गाठायचा. आम्हाला जास्त धास्ती असते ती थोड्या जास्त डोसाची, तीन-चार दिवस सलग दिलेल्या. यकृत पॅरासिटामॉलचा बहुतांश भाग निरुपद्रवी करून बाहेर टाकतं. थोड्या भागाचा विषारी पदार्थ होतो आणि त्याला ग्लुटाथायोन नावाचं यकृतातलंच द्रव्य निकामी करतं. ज्या मुलाने तापात तीन दिवस धड खाल्लेलं नाही, जे उलट्या करतंय आणि जे मुळातच कुपोषित आहे, त्याच्याकडे ग्लुटाथायोनचा साठा कमी असतो. म्हणजे वयाच्या मापाने ज्याला औषध जास्त जातं, तेच मूल ते सोसायला सगळ्यात कमकुवत. कमी वजनाच्या मुलांच्या बाबतीत मी इतका हट्टी आहे तो यामुळे.

हे ओळखायला अवघड जातं, कारण यकृताला इजा होऊ लागली की मळमळ, उलट्या, जेवण नको, पेंगणं असं सगळं सुरू होतं. आईला वाटतं ताप वाढला, आणि ती आणखी एक चमचा देते. म्हणून ताप येऊन तीन दिवस झालेत, रोज तीन-चार वेळा औषध चालू आहे आणि आता मूल उलट्या करतंय किंवा गुंगीत आहे असं कुणी सांगितलं, तर बाटली देऊ नका, दवाखान्यात पाठवा. बरगडीखाली उजव्या बाजूला दुखतंय, डोळे पिवळे दिसताहेत, असं असेल तर तातडीने पाठवा. यावर एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन नावाचा उतारा आहे, तो जितका लवकर मिळेल तितका उपयोगी. आणि आईला घरातली सगळी औषधं बरोबर न्यायला सांगा. रिकाम्या बाटल्यासुद्धा. आम्हाला त्यांच्यावरूनच हिशेब लागतो.

आता काउंटरवर प्रत्यक्ष काय करायचं. दुकानात गिऱ्हाईक दाटीवाटीने उभं असताना कॅल्क्युलेटर काढून किलोला मिलिग्रॅमने गुणत बसणं जमणार नाही, हे मला कळतं. त्याची गरजही नाही. बालरोगतज्ज्ञ वर्षानुवर्षं एक सोपा हिशेब वापरतात, तोच तुम्ही वापरा. ५ एमएलमध्ये १२५ मिलिग्रॅमवालं सिरप असेल तर मुलाच्या वजनाच्या निम्मे एमएल. १० किलोला ५, १४ किलोला ७, १८ किलोला ९. ५ एमएलमध्ये २५० मिलिग्रॅमवालं असेल तर वजनाच्या पाव एमएल. १० किलोला अडीच. दोन्हींत डोस किलोमागे साडेबारा मिलिग्रॅम येतो, म्हणजे १० आणि १५ च्या बरोबर मध्ये. चार वेळा दिला तरी दिवसाला ५० होतात, ६० च्या आत. वजन सांगताना किलोभर इकडेतिकडे झालं तरी डोस मर्यादेतच राहतो. लक्षात ठेवायला याहून सोपं काही मला माहीत नाही.

ड्रॉप्सचं मात्र वेगळं आहे आणि तिथे जपायला हवं. ड्रॉप्समध्ये १ एमएलमध्ये १०० मिलिग्रॅम असतात, म्हणजे साध्या सिरपच्या चौपट. १५ एमएलची ती इवलीशी ड्रॉप्सची बाटली आणि ६० एमएलची साध्या सिरपची बाटली दोन्ही हातात घेऊन बघा. दोन्हींत औषध सारखंच आहे, दीड ग्रॅम. पण आईच्या डोळ्यांना छोटी बाटली म्हणजे सौम्य औषध, तान्ह्या बाळासाठीचं. ड्रॉप्समध्ये वजनाला आठने भागायचं. ६ किलोच्या बाळाला पाऊण एमएल, ८ किलोच्या बाळाला १ एमएल. ड्रॉपरवरच्या खुणेपर्यंतच भरायचं. सिरप संपलं म्हणून त्याच "एक चमचा"च्या सवयीने कुणी ड्रॉप्सचे ५ एमएल पाजले, तर १० किलोच्या मुलाला एका घोटात किलोमागे ५० मिलिग्रॅम जातात. दिवसभराचं औषध एका वेळेला.

बाटली बदलली तरी असाच घोटाळा होतो. मागच्या वेळी दिलेली बाटली १२५ वाली होती आणि आईच्या डोक्यात "साडेसात" पक्कं बसलंय. आज तुमच्याकडे तो माल नाही, म्हणून तुम्ही २५० वाली दिलीत, तेच नाव, पुढे फक्त फोर्ट किंवा डीएस. आईने साडेसात एमएल पाजले. तिचं मूल १५ किलोचं, म्हणजे किलोमागे २५ मिलिग्रॅम आणि चार वेळा म्हणजे दिवसाला १००. असे तीन-चार दिवस गेले की हे मूल आमच्याकडे गंभीर अवस्थेत येऊ शकतं. इथे वजन विचारलेलं असूनही उपयोग झाला नाही, कारण एमएलला स्वतःचा काही अर्थ नसतो. म्हणून डोस लिहिताना तीन गोष्टी एका ओळीत लिहा: मुलाचं वजन, बाटलीची ताकद आणि एमएल. "१० किलो, १२५ वाली, ५ एमएल, ६ तासांनी, दिवसात ४ पेक्षा जास्त नाही." एवढं पुरतं. आणि हे बॉक्सवर न लिहिता बाटलीच्या लेबलावर लिहा, कारण बॉक्स घरी पोचताच चुलीत किंवा कचऱ्यात जातो. माझ्याकडे येणाऱ्या बाटल्यांतल्या बहुतेक उघड्या असतात आणि डोस ज्यावर लिहिला होता तो पुठ्ठा घरी राहिलेला असतो.

"चमचा" हा शब्दच लिहू नका, असं मी सांगेन. घरातल्या चमच्यात ३ एमएलही मावतात आणि ७ एमएलही. बाटलीच्या झाकणावरच्या कपात २.५, ५, ७.५, १० अशा खुणा असतात, पण ९ एमएल त्यात नीट मोजता येत नाहीत आणि कप डोळ्यांच्या रेषेत धरला नाही तर खूण चुकते. दुकानात ५ आणि १० एमएलच्या बिनसुईच्या सिरिंज असतातच. बाटलीबरोबर एक द्या आणि त्यावर मार्करने रेघ मारून द्या. ज्या आईला आकडे वाचता येत नाहीत तिलाही रेघ कळते.

वजन विचारलं आणि बापाला माहीत नसेल तर? बऱ्याचदा त्याला नसतं, आईला असतं, कारण अंगणवाडीत दर महिन्याला वजन होतं आणि ते माता-बाल संरक्षण कार्डावर लिहिलेलं असतं. "घरी फोन लावून कार्ड बघायला सांगा" हे एक वाक्य खूप काम करतं. फक्त तारीख विचारा. वर्षाच्या आतल्या बाळाचं चार महिन्यांपूर्वीचं वजन हा जुना आकडा आहे, आणि जुलाबाने खंगलेल्या मुलाचं तर गेल्या महिन्याचंही खरं नाही. मूल बरोबर असेल आणि दुकानात उभं राहायचा डिजिटल काटा असेल तर आईला मुलासकट उभं करा, मग एकटीला, आणि वजाबाकी करा. १०० ग्रॅमचा फरक पडेल, डोसाला त्याने काही होत नाही. असा काटा फार महाग येत नाही आणि मुलांच्या औषधासाठी दुकानात दुसरं काही लागत नाही.

काहीच कळेना तेव्हा वयावरून अंदाज बांधावा लागतो, पण तो कसा बांधायचा हे महत्त्वाचं. आम्हाला शिकवलेलं सूत्र आहे, वयाची दुप्पट अधिक आठ. तीन वर्षांचा म्हणजे १४ किलो. १० किलोच्या मुलाला या अंदाजाने सव्वापट ते दीडपट औषध जाईल. म्हणून पॅरासिटामॉलच्या बाबतीत अंदाज मधल्या वजनाचा न धरता खालचा धरा. तीन वर्षांच्या मुलाला ११ किलोचा समजून साडेपाच एमएल दिलेत, आणि मूल प्रत्यक्षात १४ किलोचं निघालं, तर ताप जरा कमी उतरेल, एवढंच. उद्या वजन करून माप दुरुस्त करता येतं. पण हा खाली झुकण्याचा नियम फक्त तापाच्या औषधाला. अँटिबायोटिकला किंवा मलेरियाच्या गोळ्यांना लावू नका. तिथे कमी डोस म्हणजे जंतू अर्धवट मरणार आणि आजार उलटणार. ती औषधं चिठ्ठीशिवाय द्यायचीच नाहीत, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही.

इथे थोडं विषयांतर. डी.फार्म.च्या पहिल्या वर्षी पोसॉलॉजीच्या धड्यात तुम्ही सगळ्यांनी यंगचं सूत्र पाठ केलंय: वय भागिले वय अधिक १२, गुणिले मोठ्या माणसाचा डोस. डिलिंगचं सूत्र, वय भागिले २०. क्लार्कचं, वजन पौंडात भागिले १५०. परीक्षेत ती विचारतात, म्हणून डोक्यात बसलेली असतात. आपल्या तीन वर्षांच्या मुलाला ५०० मिलिग्रॅमच्या गोळीवरून यंगच्या सूत्राने १०० मिलिग्रॅम येतात, डिलिंगच्या सूत्राने ७५. वजन १० असो की १८, उत्तर तेच. क्लार्क वजन घेतो, तरी १० किलोला ७३ मिलिग्रॅमच देतो, म्हणजे कमीच. कारण मोठ्या माणसाची गोळी वजनाच्या प्रमाणात कापली की मुलाचा डोस होतो, असं नसतं. दोन-तीन वर्षांच्या मुलाचं यकृत शरीराच्या मानाने मोठं असतं आणि किलोमागे बघितलं तर बरीच औषधं ते मोठ्या माणसापेक्षा लवकर संपवतं. म्हणून किलोमागचा डोस मुलांवरच अभ्यासून ठरवावा लागतो. ही सूत्रं इतिहास म्हणून शिकवावीत, काउंटरवर आणू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता वयाची बाजू. वजन एवढं महत्त्वाचं, तर वय विचारायचंच कशाला, असं कुणी म्हणेल. तसं नाही. शरीर किती मोठं आहे हे वजन सांगतं, आतले अवयव किती तयार झालेत हे सांगत नाही. जन्मल्यापासूनचे पहिले काही आठवडे यकृत आणि मूत्रपिंडं अर्धवट तयार असतात. तेव्हा किलोमागचं साधं गणित चालत नाही, डोसांमधलं अंतरही वाढवावं लागतं. चार किलोचं पंधरा दिवसांचं बाळ आणि चार किलोचं तीन महिन्यांचं अशक्त बाळ, काट्यावर दोघं सारखीच. औषधाच्या दृष्टीने ती वेगळी आहेत. शिवाय तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला, तर तो रक्तातल्या जंतुसंसर्गाचा पहिला आणि कधीकधी एकुलता एक पुरावा असतो. त्याला ड्रॉप्स देऊन ताप झाकला तर आमचे काही तास फुकट जातात. या वयाला वजन विचारायचंच नाही. सरळ दवाखाना, रात्र असली तरी.

काही औषधांना वयाच्या रेषा कायद्याने आखलेल्या आहेत आणि त्या वजनाने ओलांडता येत नाहीत. नाइमेसुलाइड २०११ पासून १२ वर्षांखालच्या मुलांना बंद आहे. क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन यांचं मिश्रण असलेल्या सर्दीच्या सिरपवर, ४ वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, हा इशारा छापायला केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलं. मूल ३ वर्षांचं आणि १८ किलोचं आहे म्हणून ते पाच वर्षांच्या मुलासारखं मोजता येत नाही. यातल्या बऱ्याच सर्दीच्या बाटल्यांत पॅरासिटामॉलही मिसळलेलं असतं. सर्दीची बाटली आणि तापाची बाटली एकाच पिशवीत टाकण्याआधी दोन्हींची लेबलं एकदा बघा.

आणि जिथे एकाच दिवशी हजारो मुलांना औषध पाजायचं असतं, तिथे वयाचा गट हाच शहाणपणा ठरतो. राष्ट्रीय जंतनाशक दिनाला अल्बेंडाझोल देतात ते १ ते २ वर्षांच्या मुलाला अर्धी गोळी आणि त्यापुढे १९ वर्षांपर्यंत एक. लहान मुलाला चुरून. हे औषध आतड्यातल्या कृमींवर आतड्यातच काम करतं, रक्तात थोडंच जातं, म्हणून १२ किलो आणि ४० किलो यांचा फरक फारसा जाणवत नाही. जीवनसत्त्व अ चा डोस ९ महिन्यांना १ लाख युनिट आणि मग दर सहा महिन्यांनी २ लाख. जुलाबातलं झिंक ६ महिन्यांच्या आत १० मिलिग्रॅम, त्यानंतर २०, असं १४ दिवस. या सगळ्यांची सुरक्षित मर्यादा रुंद आहे. आशाताईंनी प्रत्येक मूल काट्यावर ठेवायचं ठरवलं तर निम्मी मुलं औषधाविना राहतील आणि ते नुकसान मोठं. लसीचं तर आणखी वेगळं. तिचा अर्धा एमएल लठ्ठ बाळालाही तेवढाच आणि बारीक बाळालाही तेवढाच, कारण तिला अंगभर पसरून रक्तात ठरावीक पातळी गाठायची नसते.

याच सरकारी कार्यक्रमांत एक मधला रस्ताही दिसतो आणि तो मला सगळ्यात पटतो. क्षयरोग कार्यक्रमात मुलांच्या विरघळणाऱ्या मिश्र गोळ्या वजनाच्या गटांनी देतात. ४ ते ७ किलोला एक गोळी, ८ ते ११ ला दोन, १२ ते १५ ला तीन, १६ ते २४ ला चार. गुणाकार नाही, दशांश चिन्ह नाही. कारण वजनाच्या हिशेबाचा स्वतःचा एक मोठा धोका आहे: दशांश सरकला की डोस दहापट होतो. दीड एमएलचे पंधरा होतात, नाहीतर मिलिग्रॅमचा आकडा एमएल म्हणून वाचला जातो. वयाच्या तक्त्यात अशी चूक होत नाही, हे त्याच्या बाजूने मान्य करायलाच हवं. वजनाच्या गटांत दोन्ही मिळतं. वजनाची दुसरी अडचण लठ्ठ मुलांची. ११ वर्षांचा ६० किलोचा मुलगा किलोमागे १५ मिलिग्रॅमच्या हिशेबाने ९०० मिलिग्रॅमचा धनी होतो. पण चरबीचे किलो यकृताच्या मदतीला येत नाहीत. अशा मुलाला मोठ्या माणसाची ५०० ची एक गोळी हीच वरची रेषा धरा.

तेव्हा माझी मागणी तुमच्याकडे आहे आणि तुमच्या तालुका व जिल्हा संघटनांकडेही. पॅरासिटामॉलसाठी असाच वजनाच्या गटांचा एक तक्ता छापून प्रत्येक काउंटरच्या काचेखाली लावा. ६ किलोपासून २४ किलोपर्यंत दोन-दोन किलोंचे गट, शेजारी तीन रकाने: ड्रॉप्स, १२५ वाली, २५० वाली. प्रत्येक गटातलं खालचं वजन धरून एमएल लिहा, म्हणजे गटातल्या बारीक मुलालाही जास्त जाणार नाही. १० ते १२ किलोच्या ओळीत सव्वा, ५ आणि अडीच एमएल येतील. तक्त्याच्या सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात, वयाची एकच ओळ: ३ महिन्यांच्या आत औषध नाही, दवाखाना. छापण्याआधी तुमच्या गावातल्या बालरोगतज्ज्ञाकडून आकडे तपासून घ्या. आमच्या तालुक्यातल्या दुकानांसाठी ते काम मी करून देतो. दुपारी दोननंतर दवाखान्यात गर्दी नसते, तेव्हा या.

आपला,
तालुक्याच्या गावातला एक बालरोगतज्ज्ञ